चौथ्या हाकेसाठी पंचाहत्तर सेकंद

रात्रीचे साडेदहा. मूल झोपलं असं साडेनऊला वाटलं होतं. मग पाणी मागून झालं, दुसरी उशी मागून झाली, कपाटाचं दार नीट लागलंय ना ते बघून झालं, आणि आत्ता चौथी हाक आली. मुलाला पुन्हा पांघरूण घालून आलेला माणूस जरा टेकतो आणि मोबाइल उघडतो. पालकत्वावरच्या छोट्या व्हिडिओचा प्रेक्षक बहुतेक वेळा हाच. त्याच्या मोबाइलचा आवाज बंद आहे, स्क्रीनचा उजेड कमी केलेला आहे आणि एक कान अजून मुलाकडे लागलेला आहे. संहिता लिहिताना हा माणूस समोर बसवला, की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. तो काही शिकायला आलेला नाही. दोन मिनिटं डोकं बाजूला ठेवायला आलाय, आणि त्यात हाताला काही लागलं तर त्याला हवं आहे.

अशा व्हिडिओत विषय एकच घ्यावा. ‘मुलांची झोप’ हा विषय नव्हे, ते एक मोठं गाठोडं आहे. ‘दिवा मालवल्यावर पुन्हा पुन्हा हाका मारणारं तीन ते सहा वर्षांचं मूल’ हा पंचाहत्तर सेकंदांत मावणारा विषय. त्यावर कुणीही पहिला खर्डा लिहायला घेतला, तर तो साधारण असा उतरतो:

“मुलांना वेळेवर झोपवणं ही आपलीच जबाबदारी आहे. झोपण्याची वेळ ठरवा आणि ती काटेकोरपणे पाळा. झोपण्यापूर्वी एक तास मोबाइल बंद ठेवा. मुलांशी शांतपणे बोला. लक्षात ठेवा, तुम्ही चिडलात तर मूलही चिडतं. दिवसातली फक्त वीस मिनिटं त्यांना मनापासून द्या आणि फरक बघा!”

यात चुकीचं काही सापडत नाही. वेळ ठरलेली असावी हे खरं, चिडण्यानं चिडणं वाढतं हेही खरं. तरी हे ऐकून साडेदहाचा माणूस मोबाइल उलटा ठेवतो. कारण बारीक आहे आणि ते शब्दांमध्येच दडलेलं आहे. ‘आपलीच’मधला ‘च’ बोट दाखवतो. ‘फक्त वीस मिनिटं’ यातला ‘फक्त’ सांगतो, की एवढी साधी गोष्टही तुम्हाला जमत नाही. ‘मनापासून’ हा त्याहून कठीण शब्द, कारण आजवर दिलेली मिनिटं वरवरची होती असा त्याचा अर्थ निघतो. ‘लक्षात ठेवा’ म्हटलं की समोरचा विसरला होता हे गृहीत धरलं जातं. आणि मोबाइल बंद ठेवा हा सल्ला मोबाइलवरून, रात्री साडेदहाला दिला जातो, त्यातली गंमत लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मराठीत उपदेश बहुतेकदा अशा छोट्या शब्दांतून शिरतो. ‘तरी’ असाच: ‘निदान झोपताना तरी जवळ घ्या’. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना’ पण तसाच: ‘मुलं आपलंच बघून शिकतात ना’. शिवाय शिक्षकी ‘आपण’ आहे, जो बोलणाऱ्याला धरत नाही, फक्त ऐकणाऱ्याला धरतो: ‘आता आपण शांत व्हायचं’. खर्डा लिहून झाला की ‘च’, ‘तरी’, ‘फक्त’, ‘ना’ आणि ‘लक्षात ठेवा’ यांच्यावर पेन्सिलीनं गोल काढावा. प्रत्येक गोलाशी थांबून तो शब्द काढून बघावा. वाक्याचा अर्थ तोच राहिला आणि डंख गेला, तर तो शब्द डंखासाठीच तिथे होता. ‘जबाबदारी’ मात्र काढून भागत नाही. ते वाक्य पूर्णच जातं.

उपदेश काढला की लिहिणारा हमखास दुसऱ्या टोकाला जातो. “तुम्ही खूप छान आई-बाबा आहात. तुमचं प्रेमच पुरेसं आहे.” आता हे बोलणाऱ्याला काय ठाऊक? ऐकणाऱ्यानं दहा मिनिटांपूर्वी दारातूनच आवाज चढवला होता, तो आवाज त्याच्या कानात अजून आहे. अशा वेळी अनोळखी माणसाकडून आलेलं कौतुक त्याला लागू पडत नाही. ते शेजारच्या, शहाण्या पालकाला उद्देशून आहे असं वाटतं. मला तर उपदेशापेक्षा हे गोडपण जास्त धोक्याचं वाटतं, कारण लिहिताना ते आवडतं आणि तपासायचं सुचत नाही.

धीर येतो तो कारण कळल्यानं. मूल चारदा हाक का मारतं?

झोपताना मुलाला आईबाबा दूर जायला नको असतात, हे उघड आहे. पहिल्या हाकेला आपण ‘झोप आता’ म्हणतो. दुसऱ्या हाकेला उत्तर देत नाही. तिसऱ्याला दात-ओठ खातो. चौथ्या हाकेत रडू मिसळतं, मग उठतो आणि पाणी देतो. मुलाच्या बाजूनं यात काहीही लबाडी नसते. त्याला एवढंच कळलेलं असतं, की हाका पुरेशा झाल्या की कुणीतरी येतं. उद्या आपण ठरवून चौथीलाही उठलो नाही, तर ते सहावीपर्यंत जातं, कारण पूर्वी जास्त हाकांनी काम झालेलं आहे. हा चढ नेहमीचा आहे. मिळणारी गोष्ट अचानक मिळेनाशी झाली की माणूस ती सोडून देण्यापूर्वी आधी जास्त जोर लावतो. लिफ्ट आली नाही की बटण पाच वेळा दाबणारा मोठा माणूसही तेच करत असतो. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना हा चढ चांगला माहीत आहे, आणि ‘रडू दे, दुर्लक्ष करा’ हा जुना सल्ला बहुतेक घरांत मोडतो तो नेमका इथे. रडणं कमी होण्यापूर्वी वाढतं. वाढलेल्या रडण्यावर पालक उठतात. मग मुलाला कळतं, की एवढं रडल्यावर येतात.

हे कारण सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनातली दोन्ही ओझी एकदम हलकी होतात. मूल हट्टी आहे हे एक, आणि आपल्यात निर्धार नाही हे दुसरं. पण हेच कारण चुकीच्या कर्त्यासह सांगितलं, तर तेवढाच मोठा वार होतो. “तुम्ही चौथ्या हाकेला उठता, म्हणून मूल चार हाका मारायला शिकतं.” मजकूर तोच, कर्ता ‘तुम्ही’, आणि झालं, आरोपपत्र तयार. कर्ता बदलून बघा: “मुलाच्या बाजूनं हिशोब सोपा आहे. तीन हाकांना कुणी येत नाही, चौथीला येतं. म्हणून चार हाका.” आता ऐकणारा मुलाच्या अंथरुणात शिरून स्वतःकडे बघतोय आणि त्याला बहुधा हसू येतंय. संपूर्ण संहितेत मेहनत कुठे घ्यावी, तर या तीन वाक्यांवर. चूक किंवा सवय सांगायची असेल तेव्हा वाक्याचा कर्ता मूल किंवा ती गोष्ट असावी, आणि मोकळीक द्यायची असेल तेव्हा ‘तुम्ही’.

क्रियापदाचंही असंच. ‘करा’ म्हटलं की हुकूम. ‘करून बघा’ मऊ आहे, पण तीनदा आलं की औषधाच्या जाहिरातीसारखं वाटतं. मराठीत याला छान वाट आहे: क्रियापद गाळायचं. ‘दिवा मालवताना कार्ड मुलाच्या हातात.’ यात कुणी कुणाला काही करायला सांगत नाही, नुसतं दृश्य समोर ठेवलं जातं.

हे कार्ड म्हणजे या व्हिडिओतली युक्ती. पॅट्रिक फ्रिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये ती एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. २००७मध्ये तीन ते सहा वर्षांच्या १९ मुलांवर तिची रीतसर चाचणी झाली. अभ्यास छोटा आहे, म्हणून व्हिडिओत ‘विज्ञानानं सिद्ध केलंय’ असं म्हणू नये. ‘एक युक्ती आहे’ एवढं पुरतं. कल्पना अशी, की झोपताना मुलाला एक कार्ड द्यायचं. ते कार्ड देऊन त्याला एकदा बाहेर येता येतं किंवा एकदा कुणाला तरी बोलावता येतं. काम झालं की कार्ड मोठ्यांकडे जमा. त्यानंतरच्या हाकांना उत्तर नाही, आणि मूल उठून आलंच तर न बोलता परत अंथरुणात. दुसऱ्या दिवशी कार्ड पुन्हा मुलाकडे.

यात दुर्लक्ष करणं आहेच, मग जुन्या सल्ल्यापेक्षा वेगळं काय? इथे मुलाला ‘हो’ आधी मिळालेलं असतं. बोलावलं तर नक्की येतील हे त्याच्या हातात असतं, अक्षरशः मुठीत. म्हणून रडण्याचा तो मोठा चढ या पद्धतीत सहसा दिसला नाही, असं त्या अभ्यासांत नोंदवलं आहे. काही मुलं तर कार्ड खर्च करायलाच तयार नसतात. आणखी मोठी गरज लागली तर असावं म्हणून ते उशीखाली ठेवतात आणि राखता राखता झोपून जातात. व्हिडिओत जवळून दाखवायचं एकच दृश्य निवडायचं असेल, तर हेच: झोपलेल्या मुलाची सैल झालेली मूठ आणि तिच्यातलं, कोपरा दुमडलेलं कार्ड.

कार्ड मोबाइलवर किंवा तोंडी चालत नाही. तळहाताएवढा जाड पुठ्ठा हवा, घामानं लगेच मऊ पडणार नाही असा. चित्र मुलानं काढायचं आणि ते दिवसा, कारण रात्री नवा नियम समजावण्याइतकी ताकद कुणातच नसते. दिवसाच एकदा खोटंखोटं झोपून नाटकही करून घ्यावं: दिवा मालवला, हाक मारली, कार्ड दिलं, पाणी मिळालं, परत झोपलो. या दोन मिनिटांच्या नाटकानं रात्रीचा निम्मा वाद वाचतो. कार्डावर मिळणारी गोष्ट दोन-तीन मिनिटांत संपणारी असावी. ‘एक घोट पाणी’ चालतं, ‘एक गोष्ट सांग’ चालत नाही. गोष्टीला शेपूट फुटतं हे सगळ्यांना माहीत आहे.

आता बिघडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. पहिलं म्हणजे, कार्डाची धमकी होते. ‘नीट जेवला नाहीस तर आज कार्ड नाही’ असं एकदा म्हटलं, की ते कार्ड मुलाच्या हातातली खात्री राहत नाही, आणि मग सगळा डाव फुकट. दुसरं, कार्ड जमा झाल्यावरचं बोलणं. मुलाला परत नेताना ‘किती वेळा सांगितलं’ पासून सुरू होणारं छोटंसं भाषण हे मुलासाठी आणखी एक भेटच असते. रागाची का होईना, सोबत मिळाली. म्हणून हात धरून नेणं आणि गप्प राहणं. तिसरं, शू. कार्ड संपलं म्हणून मूल शू दाबून पडलं तर सगळ्यांचीच रात्र गेली. मूळ पद्धतीत काहीही म्हणो, माझ्या मते शू कार्डाच्या बाहेर ठेवावी. मूल त्याचा गैरफायदा घेऊन दोनदा जाईल. जाऊ द्यावं. तिथे दिवा मंद, बोलणं नाही, परत अंथरुणात. एवढ्यासाठी तिसरी फेरी फारशी कुणी मारत नाही.

हे सगळं पंचाहत्तर सेकंदांत बसत नाही, आणि बसवायचंही नाही. सावकाश बोललेलं मराठी मिनिटाला साधारण ११० शब्दांच्या आसपास जातं. मधल्या विरामांसह पंचाहत्तर सेकंदांना १३० शब्दांच्या पुढे जाऊ नये. घाईनं बोललेला धीर घाईच वाटतो. धमकीचा मुद्दा मी वगळला, कारण तो फक्त नकारात सांगता येतो आणि नकार आला की शिकवणी सुरू होते. शू ठेवली. संहिता अशी झाली:

दृश्य: अंधार, खालून आलेली उजेडाची एक रेघ.
“दिवा मालवून तासभर झाला. आणि ही चौथी हाक.”

दृश्य: तेच, हलत नाही.
“मुलाच्या बाजूनं हिशोब सोपा आहे. तीन हाकांना कुणी येत नाही, चौथीला येतं. म्हणून चार हाका. आणि चौथीला उठावंच लागतं. सकाळ लवकर होणार असते, घरात दुसरं कुणी झोपलेलं असतं.”

दृश्य: दिवसाचा उजेड, छोटे हात पुठ्ठ्यावर रंग फासताहेत.
“तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी एक युक्ती आहे. तळहाताएवढं कार्ड. त्यावर मुलानं काढलेलं कुठलंही चित्र.”

दृश्य: रात्र, कार्ड एका हातातून दुसऱ्या हातात.
“दिवा मालवताना हे कार्ड मुलाच्या हातात. ते दिलं की एक हाक वसूल: एक घोट पाणी, एक मिठी, एक प्रश्न. मग कार्ड तुमच्याकडे. सकाळी पुन्हा मुलाकडे. शू लागली तर कार्ड लागत नाही.”

दृश्य: पाठमोरे दोघं, हात धरून जाताना.
“त्यानंतर मूल उठून आलं, तर हात धरून अंथरुणापर्यंत. बोलायचं काही नाही. रागवायचंही नाही, तेवढी ताकद वाचली.”

दृश्य: सैल मूठ, दुमडलेलं कार्ड.
“सुरुवातीला मूल नियम तपासून बघेल. एखाद्या रात्री तुम्हीच मोडाल. दुसऱ्या रात्री कार्ड पुन्हा द्यायचं.”

या संहितेत ‘खोली’ हा शब्द कुठेच नाही, हे मुद्दाम. मूल त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर झोपत असेल तरी हाका असतातच, आणि ‘मुलाच्या खोलीत’ म्हटलं की तो प्रेक्षक तिथेच गळतो. ‘आई’ नाही, ‘बाबा’ नाही. आजी झोपवत असेल तरी चालतं. ‘उठावंच लागतं’ यात ‘च’ आहे, पण तो पालकाच्या बाजूनं उभा आहे, म्हणून ठेवला. कर्ता म्हणून ‘तुम्ही’ आले ते शेवटी आणि नेमके मोडण्याच्या वाक्यात, कारण ती मोकळीक आहे: नियम मोडणं आधीच धरलेलं आहे, त्यानं काही बिघडत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी काय करायचं ते ठरलेलं आहे. ‘काही हरकत नाही’ किंवा ‘स्वतःला माफ करा’ असं म्हणायची गरजच पडली नाही. माफ करा म्हटलं की गुन्हा झाला होता असं ठरतं.

आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी अक्षरं पडद्यावर हवीत. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, आणि ओळ श्वास जिथे तुटतो तिथेच तोडायची. ‘तीन हाकांना कुणी / येत नाही, चौथीला येतं’ असं तुटलं तर वाचणारा अडखळतो; ‘तीन हाकांना कुणी येत नाही, / चौथीला येतं’ हे बरोबर. पार्श्वभूमी काळी, अक्षरं फिकट, लख्ख पांढरी नकोत, कारण मोबाइलचा उजेड शेजारी झोपणाऱ्यावर पडतो. संगीत नसलं तरी चालतं. असलंच तर सुरुवातीला दणका नको. चुकून आवाज चालू असला तर त्याच क्षणी पाचवी हाक येईल.

एक मजकूर मात्र आवाजात घ्यायचा नाही, पण सोडायचाही नाही. मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, किंवा घाबरून, घामाघूम होऊन उठत असेल, तर ते कार्डाचं काम नव्हे, डॉक्टरांना दाखवायचं. तसंच अलीकडे घरात काही मोठं घडलं असेल, कुणी आजारी असेल, घर बदललं असेल, तर त्या दिवसांत मुलाला हाक मारू द्यावी आणि जावं, कार्ड नंतर. शेवटच्या वाक्यात हे बोललं तर सगळ्या धीरावर भीती पसरते. म्हणून हातातून हातात कार्ड जातं त्या दृश्याखाली घोरण्याची आणि श्वासाची एक ओळ सहा सेकंद ठेवायची आणि उरलेलं व्हिडिओसोबतच्या मजकुरात लिहायचं. आजारी पडणं, घर बदलणं याला तिथेच जागा आहे, कारण ज्याला ते लागू आहे तो वाचेल.

संहिता तपासायची ती सकाळी नको. दिवसभराचं काम आटोपल्यावर, दिवा मंद करून, हळू आवाजात एकदा मोठ्यानं वाचावी, घड्याळ लावून. थकलेली जीभ जिथे अडखळते, तो शब्द जड आहे. वरच्या संहितेत आधी ‘झोपण्याच्या वेळी उद्भवणाऱ्या मागण्या’ असं होतं. रात्री वाचताना ‘उद्भवणाऱ्या’वर जीभ दोनदा घसरली, आणि तिथे ‘हाक’ आली.